गोवराच्या लसीसाठी वाडीला पत्र लिहायचं ते असं

जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागात बरीच वर्षं मी पत्रांचे मसुदे केले. सही जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांची, शब्द आमचे. माझ्या हातचं पहिलं पत्र आजही आठवलं की कानकोंडं होतं. त्यात मी लिहिलं होतं, 'तरी सर्व पात्र लाभार्थी बालकांना सत्राच्या ठिकाणी विहित वेळेत उपस्थित ठेवण्यात यावे.' ते पत्र ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागलं आणि पावसाळ्यात ओलं होऊन आपोआप गळून पडलं. मोहिमेच्या दिवशी आरोग्यसेविका समाजमंदिरात दुपारपर्यंत बसून राहिली. आठ मुलं आली. त्यातली सहा अशी होती, की ती पत्राविनाही आली असती.

पुढे अशी पत्रं लिहिण्याची एक रीत बसत गेली. आपल्या किनाऱ्यावरच्या एका वाडीला पत्र लिहायचं आहे असं धरून ती सांगतो. मालवण-वेंगुर्ल्याकडची खाडीकाठची गाबीतवाडी, म्हणजे मच्छीमारांची वाडी, डोळ्यांसमोर ठेवा. माझ्या पाहण्यातल्या दोन-तीन वाड्या एकत्र करून ही वाडी बनवली आहे, त्यामुळे गाव ओळखायच्या भानगडीत पडू नका.

कागद घेण्याआधी यादी घ्या

सुरुवात आशाताईच्या यादीपासून. नऊ महिने ते पाच वर्षं वयाची मुलं किती आणि त्यांच्या माता-बाल संरक्षण कार्डावर गोवर-रुबेलाच्या दोन्ही रकान्यांत तारखा आहेत का, एवढंच त्यात बघायचं. पहिला डोस बाळाला नऊ महिने पूर्ण झाले की, वर्षाच्या आत. दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांत. हुकला असेल तर पाच वर्षांपर्यंत देता येतो, फक्त दोन डोसांमध्ये निदान एक महिना गेलेला असला पाहिजे.

आपल्या वाडीत अशी ६२ मुलं आहेत. ३९ जणांचं वयानुसार सगळं झालेलं आहे, २३ जणांचं राहिलंय. हा तेवीसचा आकडा तालुक्याच्या बैठकीत सांगितला की सगळे मान हलवतात आणि 'लोकांमध्ये जागृती नाही' असं टिपणीत लिहितात. तिथे थांबू नका. आशाताईला घेऊन तेवीसच्या तेवीस घरी जा, निदान तिच्याशेजारी बसून एकेका नावामागचं कारण विचारा. तिला सगळं ठाऊक असतं. तिला कोणी विचारत नाही, एवढंच.

आमच्या वाडीत निघालेली कारणं अशी. नऊ मुलांच्या आया सकाळी किनाऱ्यावर लिलावाला असतात, तिथून पाटी घेऊन बाजारात जातात आणि घरी येईपर्यंत एक वाजतो. सत्र मात्र दहा ते बारा. पाच मुलं डोंगरावरच्या चिरेखाणीवरच्या कामगारांची. आईबाप कर्नाटकातून आलेले, आशाताईची सोडली तर गावच्या कुठल्याच यादीत नाव नाही, कोणी बोलावलंच नाही. चार मुलं मुंबईहून आजीकडे आलेली. कार्ड मुंबईच्या खोलीत राहिलं आणि 'कार्डाशिवाय देत नाहीत' असा आजीचा समज. तीन घरांत तापाची भीती. आधी कुठल्यातरी इंजेक्शननंतर थोरल्या मुलाला रात्रभर ताप होता. आणि दोन घरांत 'आमच्याकडे गोवर येऊन गेला, आता लस कशाला?'

एक मात्र नीट बघा. लस नकोच, असं म्हणणारी घरं या तेवीसमध्ये पाचच आहेत. उरलेल्या अठरांना आपण चुकीच्या वेळी बोलावलं, चुकीचं सांगितलं किंवा बोलावलंच नाही. अशा वाडीला गोवर किती भयंकर असतो यावर दोन पानं लिहून पाठवली तर ती पाच घरांसाठीही पुरत नाहीत आणि अठरांसाठी तर उपयोगाचीच नाहीत.

मग तारीख आणि वेळ, आणि तीही आपल्या सोयीची नको

पत्रातलं सगळ्यात जास्त मन वळवणारं वाक्य वेळेचं असतं. आमच्या वाडीत ती दुपारी दोन ते पाच ठेवली. शीतसाखळीवाले कुरकुरले, पण त्यांची अडचण खरी नव्हती. लसीची बंद बाटली बर्फाच्या डब्यात दिवसभर नीट राहते. घड्याळ सुरू होतं ते भुकटीत द्रव मिसळल्यावर. तिथून चार तास. दोनला उघडलेली बाटली सहापर्यंत चालते.

दुसरी गोष्ट भरतीची. पथक होडीने खाडी ओलांडून येणार असेल तर भरतीची वेळ तांडेलाला विचारा. ती रोज पाऊणएक तासाने पुढे सरकते, म्हणजे मागच्या आठवड्यात जमलेली वेळ या आठवड्यात जमेलच असं नाही. ओहोटीत गाळात अडकलेल्या होडीत लसीचा डबा मांडीवर घेऊन मी स्वतः बसलो आहे. तिकडे आया वाट बघून घरी गेल्या होत्या.

तिसरी गोष्ट शिमगा. गोवर आपल्याकडे हिवाळा सरताना आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी जास्त फिरतो, आणि नेमका त्याच वेळी शिमग्याला चाकरमानी मुलंबाळं घेऊन येतात. पालखी घरोघरी फिरते, एका खोलीत पंधरा माणसं झोपतात. लसीचं संरक्षण तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात, आणि राहिलेल्या मुलांच्या घरी पुन्हा जायलाही तेवढे दिवस हाताशी हवेत. तेव्हा होळी मार्चच्या मध्यावर असेल तर मोहीम फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत उरकायला हवी. उशीर झाला तरी लस द्यायचीच, पण पत्रात शिमग्याचं कारण घालायचं तर तारीख तशी पाहिजे.

आपण बुधवार, १२ फेब्रुवारी धरू. चिरेखाणीसाठी वेगळं सत्र, आदल्या संध्याकाळी, काम सुटल्यावर, खाणीवरच. त्यांना वाडीत बोलावू नका. येत नाहीत, आणि आले तरी बुजून मागे उभे राहतात.

धमकी, आकडे आणि अफवा

मसुद्यात तीन गोष्टी हमखास शिरतात. रेशन बंद होईल, दाखला मिळणार नाही असली वाक्यं कोणीतरी सुचवतंच. ती काढा. लस ऐच्छिक आहे, आणि एकदा खोटी धमकी दिली की पुढच्या खऱ्या वाक्यावरही कोणी विश्वास ठेवत नाही.

आकडे एक-दोनच ठेवा आणि ते ओटीवर सांगता येतील असे हवेत. गोवराचा एक रुग्ण संरक्षण नसलेल्या बारा ते अठरा जणांना तो देऊ शकतो, हे लोकांना कळतं. रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही विषाणू दोन तासांपर्यंत हवेत राहतो, हेही कळतं. लसीकरणाची टक्केवारी, निर्देशांक, उद्दिष्ट यातलं काही वाडीला कळायची गरज नाही.

अफवेबद्दल माझं मत थोडं कडक आहे. २०१८ च्या नोव्हेंबरात राज्यात गोवर-रुबेलाची मोठी मोहीम सुरू झाली, नऊ महिने ते पंधरा वर्षांच्या मुलांसाठी. तेव्हा मोबाइलवर नाही नाही ते फिरत होतं, मूल होणार नाही इथपर्यंत. आमच्याकडच्या काही पत्रांनी त्या अफवा एक, दोन, तीन अशा छापून त्यांचं खंडन केलं. ज्या वाड्यांत अफवा पोचलीच नव्हती, तिथे ती आमच्या लेटरहेडवरून पोचली. पत्रात अफवा लिहू नये. ती ज्या घरात आहे, त्या घरी जाऊन बोलावं. खाडीपलीकडच्या मोहल्ल्यात एका घरी मी हेच केलं. त्यांची लेक आखातात होती. तिनेच फोनवर सांगितलं, की तिकडे शाळेत नाव घालताना लसीचं कार्ड आधी मागितलं. पुढे मला काही बोलावं लागलं नाही.

तापाचा परिच्छेद

मसुद्यात सर्वांत जास्त वेळ यावर घालवा. पाच नकारांपैकी तीन इथले आहेत. 'ताप इलो तर कोण बघतलो?' असं एका आजीने मला तोंडावर विचारलं होतं, आणि प्रश्न अगदी रास्त होता. मुलाचा बाप ट्रॉलरवर, आई बाजारात, दवाखाना खाडीपलीकडे.

त्यावर 'लस पूर्णपणे सुरक्षित आहे' हे वाक्य टाकून मोकळं होऊ नका. आजीने ताप डोळ्यांनी पाहिलाय. तिला खरं काय ते सांगा. बाळांना दीड, अडीच, साडेतीन महिन्यांना मांडीत देतात त्या इंजेक्शनचा ताप त्याच रात्री येतो. गोवराच्या लसीचा तसा नसतो. टोचल्याजागी त्या दिवशी थोडं दुखेल. ताप आला तर पाचव्या ते बाराव्या दिवसादरम्यान येतो, शंभरात पाच ते पंधरा मुलांना, सोबत कधी अंगावर थोडं पुरळ, आणि दोन-तीन दिवसांत उतरतो. याची आधी कल्पना नसली की काय होतं, ते मी पाहिलंय. आठवड्याने पुरळ उठलं, आई म्हणाली, 'लस देऊन गोवरच आणला', आणि त्या आळीतली दुसऱ्या डोसाची सगळी मुलं गळाली.

म्हणून पत्रात दिवस मोजायला सांगू नका, थेट तारखा लिहा. १२ फेब्रुवारीला लस घेतली तर १७ ते २४ फेब्रुवारी. त्याच ओळीत, त्या दिवसांत आशाताई घरी येईल, असं लिहा. लिहिलं की तिला पाठवायचीच. हे वाक्य पाळता येणार नसेल तर लिहू नका.

कोणाला लस देत नाहीत, तेही या परिच्छेदात एका वाक्यात यावं. साधी सर्दी, खोकला, पातळ शौच, अंग जरासं कोमट असलं तर देतात. मूल खूप तापलेलं असेल, दवाखान्यात दाखल असेल, आधीच्या डोसाला जोराची ॲलर्जी झाली असेल किंवा प्रतिकारशक्ती घटवणारा आजार वा उपचार चालू असेल, तर आधी डॉक्टरांना विचारायचं. हे न लिहिल्यामुळे नाक वाहतंय म्हणून घरी ठेवलेली मुलं मी मोजलीत.

आता पत्र

वर सांगितलेलं सगळं पोटात घेऊन मसुदा असा होतो. मोठ्याने वाचायला तीन मिनिटांपेक्षा जास्त लागू नयेत, कारण हे पत्र डोळ्यांपेक्षा कानांनी जास्त वाचलं जाणार आहे.

> गाबीतवाडीतल्या सर्व आया, आज्या आणि बाबांना नमस्कार.
>
> बुधवार, १२ फेब्रुवारीला दुपारी दोन ते पाच या वेळात समाजमंदिरात गोवर-रुबेलाची लस मिळेल. सकाळची वेळ तुमच्या कामाची असते, म्हणून आम्ही ती बदलली आहे. बाजारातून आल्यावर जेवून या.
>
> नऊ महिने ते पाच वर्षांच्या ज्या मुलांचा पहिला किंवा दुसरा डोस राहिला आहे, त्यांच्यासाठी ही लस आहे. तुमच्या मुलाचं राहिलं आहे का, हे आशाताईकडच्या यादीत आहे. कार्ड असेल तर आणा. हरवलं असेल किंवा मुंबईला राहिलं असेल तरी मुलाला आणा, आम्ही नवं कार्ड करून देऊ. पैसे लागत नाहीत. एकच मूल आलं तरी बाटली उघडली जाईल, कोणालाही परत पाठवणार नाही.
>
> शिमग्याला आपली घरं पाहुण्यांनी भरतील. गोवर खोकल्यातून, श्वासातून पसरतो आणि अंगावर पुरळ दिसण्याच्या चार दिवस आधीपासूनच दुसऱ्याला होतो. म्हणजे पाहुण्यांच्या मुलाला तो आहे की नाही, हे तुम्हाला बघून कळणार नाही. गोवरानंतर लहान मुलांना न्यूमोनिया होतो, जुलाब लागतात, कान फुटतो, काहींची नजर जाते. काही मुलं दगावतात.
>
> साधी सर्दी, खोकला असला तरी मुलाला आणा. पण मूल खूप तापलेलं असेल, दवाखान्यात दाखल असेल, आधीच्या डोसाला जोराची ॲलर्जी झाली असेल किंवा अंगातली ताकद घटवणारा आजार वा उपचार चालू असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. लस उजव्या दंडावर देतात. त्या दिवशी तिथे थोडं दुखेल. काही मुलांना १७ ते २४ फेब्रुवारीच्या दरम्यान ताप येईल किंवा बारीक पुरळ उठेल. ते दोन-तीन दिवसांत जातं. त्या दिवसांत आशाताई तुमच्या घरी येईल. लस दिल्यावर अर्धा तास तिथेच थांबा, आम्ही मुलाकडे लक्ष ठेवू. नंतर कधीही मूल सुस्त वाटलं, झटका आला, ताप उतरेना किंवा श्वासाला त्रास झाला तर १०८ ला फोन करा आणि खाली दिलेल्या नंबरवर आरोग्यसेविकेला कळवा.
>
> मुलाला गोवर येऊन गेला असं वाटत असेल तरी लस घ्या. पुरळ उठणारे आजार बरेच आहेत, तो गोवरच होता हे नुसतं बघून सांगता येत नाही. आणि खरंच होऊन गेला असेल तरी लसीने काही अपाय होत नाही.
>
> बाटली किती वाजता उघडली, ते तिच्यावर लिहिलेलं असतं. तुम्ही ते विचारू शकता. चार तासांपेक्षा जास्त वेळ झालेली लस आम्ही देत नाही.
>
> तुमचा,
> जिल्हा आरोग्य अधिकारी
> (खाली आरोग्यसेविका आणि आशाताईचं नाव व फोन नंबर)

बाटली एकच मूल आलं तरी उघडणार, हे वाक्य का आलं ते सांगतो. बाटलीत बहुधा दहा डोस असतात आणि उघडल्यावर उरलेली लस पुढच्या सत्राला वापरता येत नाही. पोलिओ किंवा पेंटाव्हॅलंटच्या उघडलेल्या बाटलीसारखं हिचं नसतं. त्यामुळे वाया जाईल या धाकाने काही सेविका 'अजून चार-पाच मुलं जमू देत' म्हणून आईला बसवून ठेवतात नाहीतर पुढच्या महिन्यात यायला सांगतात. लेकराला काखेत घेऊन उन्हातून आलेली बाई एकदा अशी परत गेली की पुन्हा येत नाही. डोस वाया गेला तर चालतो. हे वाक्य खरं तर वाडीपेक्षा आमच्या माणसांसाठी आहे. साहेबांच्या सहीने छापलं गेलं की सेविकेलाही बळ येतं.

शेवटचा बाटलीवरच्या वेळेचा परिच्छेद आमच्याकडे फार वादाचा ठरला. लोकांच्या हातात काठी कशाला द्यायची, असं एक जण म्हणाले. पण या लसीनंतर जे मोठे अपघात होतात, त्यातले काही उघडी बाटली तासन्‌तास ठेवल्याने, तिच्यात जंतू वाढून होतात. विचारणारी आई समोर उभी असेल तर सेविका वेळ लिहायला विसरत नाही.

खाणीवरच्या सत्रासाठी हेच पत्र चालत नाही. तिथे कन्नड येणारं कोणीतरी, बहुतेकदा मुकादमच, लागतो. कागदापेक्षा तो काय बोलतो याला महत्त्व. त्याला पाचच गोष्टी सांगा: केव्हा, कुठे, कोणाला, पैसे नाहीत, कार्ड नसलं तरी चालेल. आणि गावाचं पत्र 'सर्व ग्रामस्थांना' असं सुरू होत असेल तर खाणीवर ते नेऊच नका.

पत्र पोचवणं

फळ्यावर एक प्रत लावा, नियम आहे म्हणून. खरी वाट वेगळी. खाणीवरची पाच सोडून उरलेल्या अठरा घरांसाठी अठरा प्रती, वर आशाताईने हाताने लिहिलेलं मुलाचं नाव. 'चि. अमुकच्या आईस' असं दिसलं की कागद देवाच्या फोटोमागे खोचून ठेवला जातो, चुलीत जात नाही.

दुसरी प्रत मुंबईला. आपल्या वाड्यांत पुष्कळ निर्णय मुंबईहून होतात, हे विसरायचं नाही. आई तयार असते, रात्री बापाचा फोन येतो, तो म्हणतो, 'काय गरज नाय,' आणि विषय संपतो. वाडीच्या मुंबई मंडळाचा व्हॉट्सॲप ग्रुप असतो. त्याच्या सचिवाला पत्राचा स्वच्छ फोटो पाठवा, मोहिमेच्या आठवडाभर आधी. फोटोत मुलांची नावं असलेली प्रत मात्र जाऊ देऊ नका.

तिसरी वाट आवाजाची. आदल्या संध्याकाळी देवळात आरतीनंतर पोलीस पाटलांनी किंवा गावकाराने वाचावं, मोहल्ल्यात शुक्रवारच्या नमाजानंतर. वाचणाऱ्याला आधी एकदा आपल्यासमोर वाचायला सांगा. जिथे तो अडखळेल तो शब्द बदला. आमचा 'प्रतिकारशक्ती' असाच उडाला.

दुसऱ्या दिवशी

संध्याकाळी सहाला यादी पुन्हा उघडायची. आमच्या वाडीच्या हिशेबाने लिलाववाल्या नवांपैकी आठ आली असं धरू, मुंबईची चारही आली, खाणीवरची चार, तापाच्या भीतीची एक, आणि गोवर येऊन गेलेल्यांपैकी एक. अठरा झाली, पाच उरली. त्यातल्या वाडीतल्या चार घरांना तेच पत्र पुन्हा पाठवू नका, ते त्यांनी वाचलंय. खाणीवरचं पाचवं मूल आदल्या दिवशीच आईबापांबरोबर दुसऱ्या खाणीवर गेलं असेल. त्याच्यासाठी तिथल्या उपकेंद्राला फोन करायचा. तापाच्या दोन घरांना मात्र २४ फेब्रुवारी उलटेपर्यंत थांबा. शेजारच्या मुलांना काय झालं आणि काय नाही, हे ती घरं तोवर बघत असतात. २५ तारखेला आशाताईबरोबर आरोग्यसेविकेने स्वतः जावं. लसीचा डबा बरोबर असू द्या, पण उंबऱ्याबाहेर ठेवा. आधी बसा, चहा घ्या, आणि आजीला बोलू द्या.